सकाळी आंबट, संध्याकाळी बेचव: माझा टीवायचा प्रोजेक्ट

टीवायला बॉटनीचा प्रोजेक्ट निवडताना मी सगळ्यात सोपा वाटला तो उचलला. गहू, ऊस आणि निवडुंग हवेतला कार्बन वेगवेगळ्या तऱ्हेने कसा धरतात ते दाखवायचं. अनुक्रमे सी-थ्री, सी-फोर, कॅम. बारावीपासून पाठ असलेल्या तीन आकृत्या काढायच्या आणि सोडायचं, असा हिशोब होता. मॅडमनी एकच वाक्य टाकलं: "आकृत्या नकोत, तीनही गोष्टी मला डोळ्यांनी दिसल्या पाहिजेत." पुढचे साडेतीन महिने त्या वाक्यात गेले.

सुरुवात कॅमपासून केली, कारण त्याला कोणतंही महागडं यंत्र लागत नाही. निवडुंग, कोरफड, पानफुटी ही झाडं रात्री पर्णरंध्रं उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि त्याचं मॅलिक आम्ल करून पेशीतल्या रिक्तिकेत साठवतात. दिवसा रंध्रं बंद. मग तेच आम्ल फोडून आतल्या आत कार्बन सोडायचा आणि उन्हावर साखर करायची. नोकरी करणारी बाई रात्रीच भाजी निवडून, चिरून ठेवते आणि सकाळी फक्त फोडणीला टाकते, तसं. म्हणजे पान पहाटे आंबट असणार आणि संध्याकाळी बेचव. ही गोष्ट मुळात जिभेनेच लक्षात आली होती. बेंजामिन हेन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्याकडे, भारतात, पानफुटीचं पान सकाळी चावलं तर आंबट लागतं आणि दुपारी त्याला चवच उरत नाही असं पत्राने कळवलं होतं. ते १८१५ च्या सुमारास छापून आलं. मीही बारीकसा तुकडा चावून थुंकला. खरंच आंबट होता. पण परीक्षकाला जीभ दाखवता येत नाही, टायट्रेशन करावं लागतं, म्हणजे पानातलं आम्ल मारायला किती कॉस्टिक सोडा लागतो ते मोजावं लागतं.

पहिलं टायट्रेशन पार फसलं. भांडुपला आमच्या गॅलरीत पानफुटीच्या तीन कुंड्या आहेत. सकाळी निघताना पानं तोडली, डब्यात टाकली, गाडी पकडली. कॉलेजात पोचून, ब्युरेट मिळवून, पानं वाटेपर्यंत पावणेअकरा. सकाळच्या पानाला कॉस्टिक सोडा लागला ४.१ मिली आणि संध्याकाळच्या पानाला २.४. फरक होता, पण पुस्तकात सांगतात तसा नव्हता. मी रसायनांना, ब्युरेटला, शेवटी पानफुटीलाही दोष दिला.

मॅडमनी विचारलं, "पानं किती वाजता तोडलीस?" साडेआठ. आमची गॅलरी पूर्वेला आहे. साडेआठपर्यंत पानांवर चांगलं दोन तास ऊन पडलेलं असतं. त्यात डबा पारदर्शक प्लॅस्टिकचा, आणि स्टेशनपर्यंतची चाल उन्हातली. तोडलं म्हणून पान मरत नाही. रंध्रं बंद करून ते रात्रीचं आम्ल निवांत फोडत बसलं होतं. मी मोजत होते ती रात्रीची शिल्लक नव्हतीच, अर्धा खर्च झालेला बटवा होता.

मग पद्धत बदलली. पहाटे सहाच्या आत पानं तोडायची, तिथेच वजन करायचं आणि लगेच उकळत्या पाण्यात टाकायची. उकळलं की विकरं मरतात आणि आम्ल आहे तिथे थांबतं. आईच्या चहाच्या शेजारी दुसऱ्या शेगडीवर माझी पानं. "अगं, भाजी आहे का काढा आहे?" हे तिने आठवडाभर रोज विचारलं. पाणी डिस्टिल्डच, तेही आधी उकळून निवलेलं, कारण साध्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड स्वतःच थोडा सोडा खातो. ५ ग्रॅम पानांचा अर्क ५० मिली करायचा. त्यातला १० मिली घेतला की तो बरोबर एका ग्रॅम पानाचा. आम्ल संपल्याची खूण म्हणजे फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग, पण तो हिरवट अर्कात दिसत नाही, म्हणून त्यात आणखी पाणी घालून खाली पांढरी फरशी ठेवायची. ही फरशीची युक्ती लॅबमधल्या काकांची.

आता आकडे आले. ०.०१ नॉर्मल सोडा पहाटेच्या पानाला ९.६ मिली, त्याच झाडाच्या संध्याकाळी सहाच्या पानाला २.२ मिली. एक मिली म्हणजे १० मायक्रोइक्विव्हॅलंट, तेव्हा ९६ वजा २२, फरक ७४. मॅलिक आम्लाच्या एका रेणूला सोड्याचे दोन लागतात, म्हणून ७४ चे निम्मे, ३७ मायक्रोमोल मॅलिक आम्ल. एका रेणूत रात्री धरलेला एक कार्बन, म्हणून एका ग्रॅम पानाने एका रात्रीत ३७ मायक्रोमोल, साधारण १.६ मिलीग्रॅम कार्बन डायऑक्साइड. दोन लिटरभर हवेत जेवढा असतो, तेवढा. त्यातला काही भाग पानाने स्वतःच्याच श्वसनातून परत उचललेला असतो, आणि तो वेगळा काढणं टायट्रेशनच्या आवाक्याबाहेरचं आहे. तसं मी अहवालात लिहिलं. गव्हाच्या पानांना पहाटे १.६ आणि संध्याकाळी १.७ मिली लागले. फरक नाही, आणि तेच हवं होतं.

फड्या निवडुंगाचं थोडक्यात सांगते. मोठे काटे दिसतात, पण त्यांच्या बुडाशी केसांएवढ्या बारीक कुसळांचे झुपके असतात. ते बोटातून काढायला मला दोन दिवस आणि सेलोटेप लागली. गर इतका बुळबुळीत की गाळणकागदातून उतरेना, शेवटी मलमलीतून पिळला. पहाटे ६.८, संध्याकाळी १.९. दिशा तीच.

उसाचं वेगळं. तो हे सगळं दिवसाच करतो, पण दोन खोल्यांत. बाहेरच्या हरितपेशींत पेप कार्बोक्झिलेज नावाचं विकर कार्बन पकडून चार कार्बनांचं आम्ल करतं. ते आम्ल आत, शिरेभोवती गोल बसलेल्या पूलआवरणाच्या पेशींत जातं, तिथे कार्बन सुटतो आणि तिथेच रुबिस्को नावाचं दुसरं विकर त्याची साखर करायला घेतं. रुबिस्को तिघांकडेही आहे. फरक आहे तो त्याला मिळणाऱ्या हवेचा. रुबिस्कोची खोड अशी की कार्बन डायऑक्साइडच्या जागी ते ऑक्सिजनही उचलतं, आणि मग झालेली चूक निस्तरताना झाडाने आधी कमावलेला कार्बन बाहेर जातो. गव्हात रुबिस्को साध्या हवेत उघड्यावर काम करतं. साधारण २५ अंशांना कार्बनच्या चारेक उचलींमागे एक ऑक्सिजनची पडते, आणि पारा चढला की हे प्रमाण आणखी बिघडतं. उसाच्या आतल्या खोलीत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट दाटलेला असतो, म्हणून तिथे ऑक्सिजनला फारसा शिरकाव मिळत नाही.

हे डोळ्यांना दाखवायचं तर पानाचा आडवा काप घेऊन आयोडीन लावायचं. स्टार्च फक्त शिरेभोवतीच्या कड्यात निळाकाळा दिसला पाहिजे. पान मुंबईत कुठून आणायचं? रसवाल्याकडे ऊस येतो तो सोललेला, वाढे काढलेला. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी दादरच्या बाजारात मात्र शेंड्यासकट ऊस मिळतो. जोडी घेतली, पानांच्या धारेने हात कापून घेतले, आयोडीन लावलं. काही नाही. पिवळा काप पिवळाच. तोडून दोन-तीन दिवस झालेला, ट्रकमध्ये अंधारात आलेला ऊस. त्याने स्टार्च केव्हाच वापरून टाकला होता.

मग त्याच उसाच्या एक डोळ्याच्या टिपऱ्या करून कुंडीत आडव्या पुरल्या. पाचातल्या तीन उगवल्या. दीड महिन्याच्या रोपाचं पान दुपारी चारला तोडलं, दिवसभराची कमाई आत असताना. गाजराच्या फोडीत धरून ब्लेडने काप घेतला, गरम अल्कोहोलमध्ये हिरवा रंग काढला, आयोडीनचा थेंब सोडला. भिंगाखाली काळ्या मण्यांची माळ दिसली. प्रत्येक शिरेभोवती एक गडद कडं, आणि दोन कड्यांच्या मध्ये जेमतेम दोन-तीन फिक्या पेशी. त्या दिवशी मी जेवायला विसरले, हे आईने नंतर सांगितलं.

गव्हाने इथेही दगा दिला. मला वाटलं होतं की त्याच्या सगळ्या हरितपेशी निळ्या होतील. झालं भलतंच, काप जवळपास फिकाच राहिला. गव्हाचं पान कमाई स्टार्चपेक्षा साखरेच्या रूपातच जास्त ठेवतं, हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून गव्हाचा काप न रंगवता, ताजाच दाखवला. शिरा लांब लांब, मधली सगळी जागा हिरवी, आणि शिरेभोवतीचं आवरण जवळपास रंगहीन. दोन फोटो शेजारी ठेवले की बोलायची गरज उरत नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी फोटो पाहिले आणि विचारलं, "ऊस इतका हुशार, तर गव्हाने ही युक्ती का नाही घेतली?" हे तयार होतं. आम्ल करून आत नेण्याची हमाली फुकट होत नाही. पेशीतलं ऊर्जेचं नाणं म्हणजे एटीपी. गव्हाला एका कार्बनमागे अशी तीन पुरतात, उसाला पाच लागतात. थंडीत रुबिस्कोच्या चुका कमी होतात, तेव्हा ही जादा हमाली अंगावरच येते. गहू रब्बीचा, नोव्हेंबरात पेरायचा आणि थंडीत वाढायचा. भांडुपच्या गॅलरीत माझ्या गव्हाने वीतभर उंचीवरच घाईघाईने चार दाण्यांची ओंबी काढली, पण त्यात आपल्या उबदार रात्रींचा हात जास्त. ते सगळं रुबिस्कोच्या नावावर मांडू नये, असंही मी सांगितलं.

दुसरा प्रश्न तयार नव्हता. एक कार्बन आत घेताना गहू पाण्याचे साधारण पाचशे रेणू घालवतो, ऊस अडीचशे, निवडुंग पन्नासेक. हा तक्ता मीच लावला होता. "मग महाराष्ट्रात ऊस पाणी पितो म्हणून ओरड का?" मी क्षणभर गप्प. मग सांगलीकडचा माझा मामा आठवला. त्याचा आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लावला की दीड वर्ष रानात उभा असतो, त्यात अख्खा एक उन्हाळा काढतो. गहू चार महिन्यांत घरी. ऊस घासागणिक पाणी कमी पितो, पण घास मोजता येणार नाहीत इतके खातो. तक्त्यातला आकडा कार्बनमागचा आहे, एकरामागचा नाही. सरांनी मान हलवली आणि पान उलटलं.

रात्री मामाला फोन करून हे ऐकवलं, त्याच्या उसाची बाजू घेतल्याच्या थाटात.

"म्हणजे निम्मंच पाणी लागतं म्हणतेस?"

"कार्बनच्या हिशोबात, मामा."

"बरं. मोटर रात्री दोनला सुरू करायची आहे, ती पण कार्बनच्या हिशोबात करतो."