‘काळ सांभाळा’ एवढाच शेरा आला

मागच्या वर्षी एका दिवाळी अंकाला मी माझ्या आठवणींतलं एक प्रकरण पाठवलं होतं. सांगलीजवळच्या हरिपुरातलं लहानपण, दादांचा हळदीचा धंदा आणि पेवं, अशी अकरा पानं. तीन आठवड्यांनी ती परत आली. पहिल्या पानाच्या डोक्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘काळ सांभाळा.’ बस्स. आत कुठे खूण नाही, एक ओळ अधोरेखित केलेली नाही. संपादकांना फोन केला तर म्हणाले, ‘अहो, भूतकाळ-वर्तमानकाळाची सरमिसळ झालीय, बघून घ्या.’ कुठं झालीय असं विचारलं तर उत्तर आलं, ‘सगळीकडेच.’

याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. ज्यांना सरमिसळ दिसली त्यांनी एका पानावर चार गोल केले असते तर माझे तीन रविवार वाचले असते. ते रविवार कुठे गेले ते लिहून ठेवते. आठवणी लिहिणाऱ्या दुसऱ्या कुणाचा तरी एखादा वाचेल.

माझ्या प्रकरणात दोन काळ असणारच होते. सुरुवातीला मी आजच्या घाटावर उभी आहे, समोर कृष्णा-वारणेचा संगम आहे, मागे संगमेश्वराचं देऊळ. तिथून मी नऊ वर्षांच्या माझ्याकडे जाते आणि मधेमधे परत घाटावर येते. म्हणजे सगळं भूतकाळात लिहा, हा उपाय मला लागूच नव्हता.

पहिल्या रविवारी मी सोपा रस्ता धरला. कॉम्प्युटरवर Ctrl+F दाबलं आणि ‘आहे’ शोधलं. सत्तेचाळीस ठिकाणं निघाली. एकेक बघत गेले आणि दिसेल त्या ‘आहे’चं ‘होतं’ करत सुटले. संध्याकाळी वाचलं तर प्रकरण मेलेलं. शिवाय खऱ्या चुका तशाच. कारण आपण बोलतो तसं लिहिलं की ‘आहे’ क्रियापदात विरघळून जातं. ‘येतोय’, ‘आलंय’, ‘चाललीय’ यांतलं एकही त्या शोधात सापडत नाही. ‘बांधतात’, ‘सोडतात’ यांत तर ‘आहे’ नसतंच. आणि ‘नाही’ शोधायला जाल तर आणखी फसाल. ‘आला नाही’ हा भूतकाळ, ‘येत नाही’ हा वर्तमान, शब्द एकच. कॉम्प्युटरला त्यातलं काही कळत नाही, ओळ वाचावीच लागते.

मग आमच्या गल्लीतल्या निवृत्त बाईंकडे गेले. त्यांनी हायस्कुलात तीस वर्षं मराठी शिकवलं. त्यांनी मजकूर वाचलाच नाही. म्हणाल्या, ‘घरी जा, दोनशे पानी वही घे आणि प्रत्येक वाक्याचं फक्त मुख्य क्रियापद एकाखाली एक उतरव. बाकी काही नको.’

हे काम कंटाळवाणं आहे, पण खरा उपयोग याचाच झाला. मजकूर वाचताना आपण गोष्टीत शिरतो आणि चूक दिसत नाही, कारण आपल्याला आठवण दिसत असते. नुसती क्रियापदं उतरवली की गोष्ट गळून पडते. माझ्या वहीच्या चौथ्या पानावर असं आलं: ठेवलं होतं, बसले होते, (काही नाही), बांधतात, सोडतात, दिसतं, म्हणाले, बोललं नाही. एका दमात वर्तमानात उडी आणि एका दमात परत.

तो मूळ उतारा असा होता:

‘दादांनी पेवाचं तोंड सकाळीच उघडून ठेवलं होतं. मी काठावर बसले होते. आत मिट्ट काळोख. दादा दोरीला कंदील बांधतात आणि हळूहळू खाली सोडतात. मला दिसतं की ज्योत बारीक होतेय. “विझला,” दादा म्हणाले. कुणीच काही बोललं नाही.’

ज्यांना पेव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हळद साठवायला जमिनीत खणलेलं ते कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि आत ऐसपैस. बंद पेवातली हवा कोंडलेली असते, उतरणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून आधी तोंड उघडून ठेवायचं आणि कंदील सोडून बघायचं. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. माझ्या सगळ्या प्रकरणाचा जीव या उताऱ्यात होता आणि मी अडकले तेही इथंच. दुसरा रविवार पूर्ण आणि तिसऱ्याची दुपार.

आधी मला हे समजून घ्यायचं होतं की उडी नेमकी कुठून बसली. वहीत ज्या जागी मी ‘काही नाही’ लिहिलं होतं, तिथून. ‘आत मिट्ट काळोख.’ या वाक्याला क्रियापदच नाही. मराठीत अशी वाक्यं आपण सर्रास लिहितो आणि त्यात चूकही नाही. पण तिथं काळाचा हात सुटतो. पुढचं वाक्य लिहिताना मागे काय चाललं होतं याचा विसर पडतो आणि डोळ्यांपुढे जे दिसतंय ते वर्तमानात उतरतं. परतीची उडी बसली ती संवादावर, कारण ‘म्हणाले’ हाताला सवयीनं येतं. हे लक्षात आल्यावर मी वहीत प्रत्येक बिनक्रियापदाच्या वाक्यावर आणि प्रत्येक संवादावर फुली मारली आणि त्यांच्या पुढचं वाक्य तपासलं. अकरा पानांत चौदा घसरणी सापडल्या, त्यातल्या दहा या फुल्यांच्या पुढच्याच ओळीत होत्या. तुमच्याकडे वेळ कमी असेल तर निदान एवढं तरी करा.

आता दुरुस्ती. मी सगळं भूतकाळात ओढलं: ‘दादांनी दोरीला कंदील बांधला आणि हळूहळू खाली सोडला. ज्योत बारीक होत होती असं मला दिसलं.’ व्याकरणाला धरून होतं, पण शेवटचं वाक्य पंचनाम्यातलं वाटत होतं. कितीतरी वेळा उलटसुलट करून बघितलं. शेवटी बाईंकडे वही घेऊन गेले. त्यांनी मला एकच विचारलं, ‘काल तू दार उघडलंस आणि बाहेर पाऊस होता, तर मला कसं सांगशील?’ मी म्हणाले, ‘दार उघडलं तर बाहेर पाऊस पडतोय.’ ‘मग?’ म्हणाल्या.

तिथं गाठ सुटली. दिसलं, कळलं, वाटलं, ऐकू आलं, म्हणाला, यांच्या पोटात जे वाक्य येतं ते मराठीत त्या क्षणाचा वर्तमान धरून चालतं. ‘बघितलं तर पाणी पायरीला लागलंय’, ‘आई म्हणाली की डोकं दुखतंय’. बाहेरचं क्रियापद भूतकाळात असलं की पुरे. आतलं ओढून भूतकाळात नेलं की वाक्य दुसऱ्या भाषेतून आल्यासारखं होतं. म्हणजे माझ्या वाक्यात ‘होतेय’ बरोबरच होतं, चूक ‘दिसतं’मध्ये होती. आणि पहिल्या रविवारी मी ज्या ‘आहे’ मारल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त याच जातीच्या होत्या. त्या सगळ्या परत बसवल्या.

शेवटी उतारा असा झाला: ‘दादांनी दोरीला कंदील बांधला आणि हळूहळू खाली सोडला. मी वाकून बघितलं. ज्योत बारीक होतेय. “विझला,” दादा म्हणाले.’

याचा दुसराही मार्ग होता आणि तो मी लिहून बघितला. पूर्ण प्रसंग वर्तमानात: दादा बांधतात, सोडतात, ज्योत बारीक होते, ‘विझला,’ दादा म्हणतात. जिवंत वाटतो, हे मान्य. आपल्याकडे गोष्ट सांगणारे असं सांगतातच. पण तसं करायचं तर नवा परिच्छेद करून आत शिरायचं, प्रसंग संपेपर्यंत तिथंच राहायचं आणि परत परिच्छेद करून बाहेर यायचं. मी तो सोडला, कारण माझ्या प्रकरणात वर्तमानकाळ आधीच एका कामाला लावलेला होता. ‘उभी आहे’, ‘बघते’ म्हणजे आजचा घाट. तोच काळ पेवाच्या काठाला दिला तर वाचणाऱ्याला वाटणार मी घाटावरच आहे आणि दादा अजून कंदील सोडतायत. ज्यांच्या लिखाणात ‘आज’ येतच नाही, त्यांनी खुशाल वर्तमानात लिहावं.

एक सांगायचं राहिलं, ते खरं तर वहीच्याही आधी करायला हवं होतं. कुठल्या गोष्टी अजून आहेत आणि कुठल्या गेल्या, याची यादी. मी लिहिलं होतं, ‘हरिपूर संगमावर वसलेलं होतं.’ ते आजही तिथंच आहे! आणि दोन पानांनंतर, ‘पेवांत हळद ठेवतात.’ 2005 च्या पुरात पेवांत पाणी शिरलं, आमची तर बसलीच. तिथं ‘ठेवत’ हवं होतं. ‘ठेवतात’ आणि ‘ठेवत’ यांत एका अक्षराचा फरक आहे, पण एकानं वाचणारा सांगलीला पेवं बघायला येईल आणि दुसऱ्यानं येणार नाही. तशीच ‘होती’ आणि ‘होते’ची गंमत. ‘पहिल्या पोत्याची पूजा होती’ आणि ‘पूजा होते’ यांत फक्त एक वेलांटी आणि एक मात्रा. टाइप करताना बोट चुकलं तरी शुद्धलेखन तपासणी काही म्हणत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. असे तीन सापडले.

सगळं झाल्यावर मी प्रकरण आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिला आता बारीक अक्षर दिसत नाही. वहीतून निसटलेलं कानाला लागतं म्हणून वाचलं होतं, आणि लागलंच. सातव्या पानावर मी लिहिलं होतं, ‘आईला ओल्या हळदीचा वास फार आवडायचा.’ वहीत ते वाक्य निर्दोष होतं, मागे-पुढे सगळे ‘यायचे’, ‘जायचे’ होते.

आईनं हात वर करून मला थांबवलं. ‘आवडायचा म्हणजे? मला काय झालंय?’

मी ‘आवडतो’ केलं. त्या एका वाक्यासाठी परिच्छेद तोडावा लागला, कारण जायचे-यायचेच्या मधे ‘आवडतो’ उभं राहीना. ते तिच्या आजच्या खोलीत नेलं, खिडकीपाशी, आणि दुसऱ्या दिवशी पोस्टात टाकलं.