दुसऱ्या आणि तिसऱ्या बारच्या मध्ये

मोठेपणी पियानो शिकणाऱ्या माणसाला कुठल्याही रचनेतलं सगळ्यात चांगलं काय वाजतं, हे न ऐकताही सांगता येतं. सुरुवात. रोज तो पहिल्या सुरापासून निघतो, कुठंतरी अडखळतो, जीभ चावतो आणि पुन्हा पहिल्या सुरावर येऊन उभा राहतो. अर्धा तास संपतो तेव्हा पहिल्या ओळीवरून कितीतरी वेळा हात फिरलेला असतो, आणि जिथं घोडं अडलं होतं तिथं मात्र चार-दोन वेळाच, तेही घाईघाईत. लहान मुलांचं बरं असतं, त्यांना त्या ओळीचा कंटाळा येतो. आपल्याला ती ऐकत बसायला आवडतं.

म्हणून रोज तीसच मिनिटं हाताशी असतील तर त्यांचा हिशेब बारमध्ये, म्हणजे स्वरलिपीतल्या दोन उभ्या रेघांमधल्या एकेका तुकड्यात मांडावा, या मतावर मी आलो आहे. आज कोणते दोन बार, हे बसायच्या आधीच ठरलेलं असावं. सुरुवातीची तीन-चार मिनिटं एखादी स्केल, म्हणजे क्रमानं चढत-उतरत जाणारी सुरांची ओळ, प्रत्येक हात वेगळा, तीही बोटं जागी होण्यापुरतीच. नवशिक्यांच्या अर्ध्या तासातला निम्मा वेळ स्केल खाऊन टाकतात, कारण स्केल वाजवताना सराव झाल्याचं समाधान भरपूर मिळतं आणि डोकं फारसं लागत नाही. मधली पंधरा मिनिटं त्या दोन बारांची. उरलेला वेळ कालच्या जागेला आणि शेवटी थोडा मौजेला.

दोन बारांत पंधरा मिनिटं करायचं काय, असं वाटेल. जी मेजरमधला तो प्रसिद्ध मिनुएट घेऊ, आना माग्दालेना बाखच्या 1725 च्या वहीतला. अनेक वर्षं तो तिच्या नवऱ्याच्या, योहान सेबास्टियन बाखच्या नावावर होता, प्रत्यक्षात तो ख्रिश्चन पेट्झोल्डचा. रचना बत्तीस बारांची, तीन ठोक्यांची, आणि बहुतेक नवशिक्यांच्या वाट्याला कधी ना कधी येणारी. पहिल्या बारमध्ये उजवा हात डी वाजवून खाली जीवर येतो आणि जी, ए, बी, सी असा पायरी पायरीनं चढतो. दुसऱ्यात वरचा डी आणि मग तोच जी दोनदा. इथवर अंगठा जीवर, करंगळी डीवर, हात जागचा हलतही नाही. तिसरा बार सुरू होतो वरच्या ईपासून. तो करंगळीच्याही पलीकडे आहे. तिथं मधलं बोट ठेवायचं म्हणजे लगेच येणाऱ्या सीला अंगठा सापडतो, आणि पुढचे डी, ई, एफ शार्प ओळीनं उरलेल्या बोटांखाली येतात. म्हणजे अंगठ्यानं जी वाजवला की तो उचलून सगळा हात वर सरकवायचा. नवशिक्या अडतो तो नेमका इथं, दोन बारांच्या मधल्या उभ्या रेघेवर.

ही रेघ ओलांडायची तर तेवढीच वेगळी काढावी लागते. मी ती आवाज न करता करतो. दुसऱ्या बारचा शेवटचा जी वाजवायचा, हात उचलायचा, मधलं बोट ईवर आणि अंगठा सीवर नुसता टेकवायचा. दाबायचं नाही. बरोबर जागी पडलाय का ते पाहायचं आणि मगच वाजवायचं. चार-पाच वेळा असं झालं की मधलं थांबणं आपोआप आखडत जातं. यातली ग्यानबाची मेख अशी की नजर हाताच्या आधी निघाली पाहिजे. दुसरा जी वाजत असतानाच डोळे ईवर पोचलेले हवेत. डोळे जीवरच राहिले तर हात अंदाजानं उडतो आणि शेजारच्या पट्टीवर आदळतो. डोळे असे पट्ट्यांवर असताना कागद पाहता येत नाही, म्हणून हे दोन बार पाठच लागतात. कोणत्या सुरावर कोणतं बोट, ते पेन्सिलीनं लिहून ठेवावं आणि मग रोज तेच बोट वापरावं. आज मधलं, उद्या अनामिका असं चाललं तर हात रोज पहिल्यापासून शिकतो.

आता डावा हात. दिसायला त्याचं काम फुटकळ: पहिल्या बारमध्ये जी, बी, डी एकत्र दोन ठोके, मग एक ए, आणि दुसऱ्या बारभर एकच बी, तिन्ही ठोके धरून ठेवलेला. हा बी धरून ठेवणंच अवघड. उजव्या हाताला जी दोनदा वाजवायचा असल्यामुळे मधे उचलावं लागतं, आणि उजवा उचलला की डावाही त्याच्याबरोबर उठतो. वाजवणाऱ्याच्या हे लक्षातच येत नाही, कारण त्याचं सगळं ध्यान उजवीकडे. ओळखायची खूण कानाला कळते: दोन जींच्या मध्ये क्षणभर सगळंच गप्प होतं. डावं बोट टिकून असेल तर तिथं खालचा बी ऐकू येत राहतो. तो येत नसेल तर वेग कमी करायचा, दुसरा इलाज नाही.

वेग किती कमी, तर जिथं चूक होत नाही इतका. मेट्रोनोम मिनिटाला 50 ठोक्यांवर लावून आधी उजवा, मग डावा, मग दोन्ही. दोन्ही हात एकत्र आले की 50 देखील धावपळ वाटते, मग 40 करावं, त्यात कमीपणा काही नाही. ओळीनं तीनदा स्वच्छ आलं तर चार ठोके वाढवायचे, तिसऱ्यांदा चुकलं तर मोजणी पुन्हा एकपासून. हा नियम जाचक आहे, पण तो नसला की आपण चौथ्यांदा चुकून बरोबर आलेल्यालाच 'जमलं' म्हणून पुढे सरकतो. मोठ्या माणसाची अडचण ही की कान पदवीधर असतो आणि बोटं बालवाडीत. रचना मूळ वेगात कशी वाटते ते कानाला माहीत असतं, त्यामुळे 40 च्या गतीत त्याला ती रचनाच वाटत नाही. खांदे वर चढायला लागले किंवा मनगट ताठ झालं, की समजावं, कान बोटांना ओढतोय.

पंधरा मिनिटं सलग एकाच रेघेवर घालवू नयेत. पाच मिनिटांनी ती सोडून कालच्या जागेकडे जावं आणि परत यावं. परतल्यावर पहिल्या खेपेला बहुधा चुकतं, आणि ते चुकणंच उपयोगाचं, कारण हाताला ती उडी नव्यानं आठवावी लागते. सलग घोटलेलं त्या वेळी छान वाजतं आणि दुसऱ्या दिवशी गायब होतं. म्हणून आदल्या रात्री शेवटी कसं वाजलं यावर मी विश्वास ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी, स्केलही न वाजवता, थंड हातानं पहिल्याच खेपेला रेघ ओलांडता आली तर ती जागा सुटली. कधी कधी उलटही होतं. रात्री हटून बसलेली जागा सकाळी सहज निघते, कारण झोपेतही मेंदू ते काम पुढे नेत असतो.

शेवटची पाच मिनिटं मात्र बेशिस्तीची. पहिल्या सुरापासून निघायची मुभा फक्त तेव्हा. जेवढं येतं तेवढं वाजवावं, चुकलं तरी न थांबता, कारण न थांबता पुढे जाणं हीही वेगळी सवय लागते आणि ती तुकड्यातुकड्यांनी घोटून येत नाही. मिनुएटमध्ये असं निघालं की चौथ्या बारला हमखास गाडी हेलकावते: करंगळीनं वरचा जी, लगेच अंगठ्यानं सप्तकभर खालचा जी. लहान हाताला तिथं ताण पडतो. ताणून धरण्यापेक्षा करंगळी सुटताच मनगट अंगठ्याकडे वळू द्यावं. उठायच्या आधी कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचं: उद्या, तिसरा-चौथा.