शिमला मिरची भाजण्याची वही: साल शेवटी सलग निघाली

मागची नोंद जिथे सोडली होती तिथून पुढे. चार शिमला मिरच्या गॅसवर भाजून काळ्या केल्या होत्या, झाकून वाफवल्या होत्या, तरी साल नखानं खरवडत बसावं लागलं. पाऊण तासानं ताटात उरला तो हिरवा लगदा आणि त्यात काळ्या टिकल्या. तेव्हा मी सगळा दोष वाफेला दिला होता. दहा मिनिटं कमी पडली, पुढच्या वेळी अर्धा तास झाकतो, असं लिहून मोकळा झालो होतो. तो अंदाज चुकला. त्यानंतरचे तीन रविवार यातच गेले.

पहिल्या रविवारी फक्त वाफेची वेळ बदलून पाहिली. गोकुळपेठच्या बाजारातून एकाच ढिगातल्या चार मिरच्या आणल्या, प्रत्येकी दीडशे ग्रॅमच्या आसपास. चारही मोठ्या बर्नरवर, पूर्ण आचेवर, जाळी न ठेवता थेट ज्वाळेत, दर मिनिटाला फिरवत आठ मिनिटं भाजल्या. एक भाजल्याबरोबर सोलायला घेतली, दुसरी पाच मिनिटं झाकली, तिसरी बारा आणि चौथी अर्धा तास. झाकायला स्टीलचे एकसारखे घट्ट झाकणाचे डबे घेतले.

न झाकलेली मिरची हातात धरवेना, आणि साल पापडासारखी कडक होऊन कपच्यांनी तुटत होती. पाच मिनिटांच्या मिरचीची साल मऊ झाली होती, पण ओढली की मध्येच फाटायची. बारा मिनिटांच्या मिरचीला फोड आले होते तिथली साल नुसत्या अंगठ्यानं सरकली. अर्ध्या तासाच्या मिरचीत सालीच्या बाबतीत बारा मिनिटांपेक्षा काडीचाही जास्त फायदा नव्हता. उलट गर लुळा पडला होता आणि रंग शेवाळी झाला होता. बंद डब्यात गरम मिरचीतलं आम्ल वाफेबरोबर बाहेर पडतं आणि झाकणामुळे तिथंच कोंडून राहतं, आणि हिरव्या रंगाचं आम्लाशी पटत नाही. हिरव्या भाजीवर झाकण ठेवलं की ती मळकट होते, त्यातलाच प्रकार. लाल किंवा पिवळ्या मिरचीला ही अडचण नाही.

पण खरी गोष्ट वेगळीच दिसली. चारही मिरच्यांत साल चिकटून राहिलेल्या जागा सारख्याच होत्या: दोन फुगवट्यांमधली खाच, आणि देठाभोवतीचा खड्डा. अर्धा तास वाफवूनही तिथली साल हलली नाही. म्हणजे गडबड डब्यात होतच नव्हती, ती शेगडीवर होत होती.

मला समजलं ते असं. मिरचीच्या सालीवर मेणासारखा थर असतो, तो पाण्याला सहज बाहेर जाऊ देत नाही. ज्वाळा जोरात लागली की सालीच्या अगदी खालच्या पाण्याची क्षणात वाफ होते. तिला वाट मिळत नाही, म्हणून ती सालीला वर ढकलते. तोच फोड. साल गरापासून सुटते ती मुख्यतः इथं. काळेपणा हा फोडाच्या नंतरचा टप्पा आहे, वर उचललेली साल पातळ आणि कोरडी असल्यामुळे पटकन जळते. आच मंद असेल तर उष्णतेला आत शिरायला वेळ मिळतो, गर शिजून बसतो आणि साल मात्र त्याला धरूनच राहते. डब्यातली वाफ यानंतरचं काम करते. सालीखालच्या पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारं पेक्टिन ती मऊ करते, त्यामुळे अर्धवट सुटलेली साल पूर्ण सुटते, आणि कडक झालेली साल ओलसर होऊन सलग निघते. जिथे ज्वाळा पोचलीच नाही, तिथे वाफेच्या हाती फारसं काही उरत नाही.

दुसऱ्या रविवारी मग सगळं लक्ष आचेवर दिलं. मिरच्या निवडतानाच खाचा उथळ असलेल्या, चौकोनी डब्यासारख्या सपाट अंगाच्या घेतल्या. भाजीवाल्या मावशींनी दोनदा विचारलं, "शोधून काय राहिले इतकं?" भाजण्यासाठी मिरच्या हव्या आहेत म्हटल्यावर त्यांनी स्वतःच ढिगाखालून तीन काढून दिल्या. सुरकुतलेली मिरची यासाठी घेऊच नका. तिच्यात पाणी कमी झालेलं असतं, फोड धड येत नाहीत आणि गर आधीच ढिला असतो.

फ्रीजमधून काढून लगेच भाजू नये हेही याच रविवारी शिकलो. एक मिरची मुद्दाम थंड, धुतलेली, ओलीच ठेवली. पहिली दोन-अडीच मिनिटं तिच्यावर नुसतं चर्र होत राहिलं. तेवढ्या वेळात कोरड्या मिरचीवर फोड येऊन गेले होते. वरचं पाणी उडेपर्यंत साल फोड येण्याइतकी तापत नाही, आणि आतला गर मात्र शिजायला लागतो. आता मिरच्या तासभर आधी बाहेर काढतो आणि फडक्यानं कोरड्या पुसतो. तेल लावत नाही. थेट ज्वाळेवर तेल ठिबकतं, भडकतं, आणि धुराला कडवट वास येतो.

खाचांसाठी उपाय साधा निघाला. फुगवटे भाजून झाले की मिरची चिमट्यात आडवी धरून खाच सरळ ज्वाळेच्या टोकावर आणायची आणि तिथं तीस-चाळीस सेकंद थांबायचं. शेवटी देठ खाली करून तो खड्डाही तसाच. घाई केली की नेमकी हीच जागा राहते. हाताला मिरचीचा ताठरपणा जाणवायला हवा. चिमट्यात दाबल्यावर ती किंचित दबून परत आली तर ठीक, दबून तशीच राहिली तर गर शिजलाय आणि उतरवायला उशीर झालाय. आता माझ्या बर्नरवर एका मिरचीला सहा ते सात मिनिटं लागतात.

एक फसवणूक सांगायची राहिली. मधल्या एका दिवशी मिरची तीन मिनिटांत काळीकुट्ट झाली आणि मी खूश झालो. वाफवून सोलायला गेलो तर काळं सगळं बोटांना लागलं आणि खाली हिरवीगार, घट्ट साल तशीच. ती काजळी होती. बर्नरची भोकं बुजली होती, ज्वाळा पिवळी येत होती, आणि पिवळी ज्वाळा काजळी सोडते. जळलेली साल बोटाला कुरकुरीत लागते आणि खाली पोकळ जाणवते, काजळी नुसती पुसली जाते. बर्नर सोड्याच्या पाण्यात उकळून दाभणानं भोकं मोकळी केली, निळी ज्वाळा परत आली.

वाफवण्याबद्दल थोडं. डबा मिरच्यांच्या मानानं लहान घ्यायचा. एकुलती एक मिरची मोठ्या पातेल्यात टाकली तर ती पातेलं तापवण्यातच थंड होते. तीन-चार एकावर एक असल्या की त्या एकमेकींना गरम ठेवतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत मी घालत नाही, इतकी गरम वस्तू आणि ती पातळ पिशवी, मला पटत नाही. बारा मिनिटांनी झाकण उघडलं की तळाशी चमचा-दीड चमचा रस साचलेला असतो. तो फेकू नका, सगळा धुराचा स्वाद त्यात उतरलेला असतो.

आणि नळाखाली धरू नका. मी पहिल्या महिन्यात धरत होतो. आई बाजूला उभी राहून पाहत होती, शेवटी राहवलं नाही तिला. "कायले धुतं रे ते? एवढा घरभर धूर केला, आता तोच मोरीत सोडून राहिला!" तिचं बरोबर होतं. तिच्या माहेरी पऱ्हाटीच्या आगीत वांगी भाजायचे, तीही कोणी धूत नसे, हात पाण्यात बुडवून बोटांनीच काढायचे. आता मीही तेच करतो. वाटीत पाणी, बोटं ओली करायची, साल वरून खाली ओढायची. एखादी काळी टिकली राहिली तर राहू द्यायची.

ओटीजीचा प्रयोग एकच दिवस केला. नागपुरात मे महिन्यात तो सुचला असता तर घरच्यांनी मलाच आत ठेवलं असतं. मिरचीचे उभे दोन भाग करून, बिया काढून, साल वर ठेवून तळहातानं चपटे दाबले. फक्त वरची रॉड, आकडा शेवटचा, म्हणजे माझ्याकडे २५०, आणि रॉडपासून चार बोटांवर जाळी. पंधरा मिनिटांत बऱ्यापैकी फोड आले, आणि चपट्या तुकड्याला खाच उरतच नसल्यामुळे साल अगदी सलग निघाली. आधी २०० वर लावलं होतं तेव्हा जमलं नव्हतं. तेवढी उष्णता झाली की थर्मोस्टॅट रॉड बंद करतो, लाल रॉड काळी पडते, आणि फोड आणणारी आच तिथंच संपते. पुढे मिरची नुसती भाजीसारखी शिजते. दहा-बारा मिरच्या एकदम करायच्या असतील तर हीच पद्धत बरी. धुराची चव मात्र गॅसइतकी येत नाही.

तिसरा रविवार हिरव्या मिरचीचा. भज्यांना घेतो ती लांब, जाड, पोपटी मिरची सोलता येते. देठाजवळ सुरीच्या टोकानं एक छेद द्यावा लागतो, नाहीतर आत वाफ कोंडून ती फटकन फुटते आणि गरम बी अंगावर उडतं. ज्वाळेवर दीड-दोन मिनिटं आणि डब्यात पाचच मिनिटं, कारण गर पातळ असतो. साल देठाकडून टोकाकडे ओढायची. ठेच्याची बारीक, तिखट मिरची मात्र सोलण्याच्या भानगडीत पडू नये. तिच्यात साल काढली की उरतं काय? मी वीस मिरच्यांवर हा हट्ट केला, सहा हाती आल्या, आणि संध्याकाळपर्यंत बोटं पेटलेली होती. ती फोड येईपर्यंत भाजायची आणि लसूण-मिठाबरोबर तशीच खलबत्त्यात. भाजताना खिडकी उघडी हवी. माझी बंद होती, तेव्हा पलीकडच्या फ्लॅटमधले काका खोकत दारात आले आणि ठेचा घेऊन गेले.

कालचा हिशेब: चार हिरव्या शिमला मिरच्या, कच्च्या ६१० ग्रॅम, साल, देठ आणि बिया गेल्यावर ४२० ग्रॅम. भाजायला सव्वीस मिनिटं, वाफेला बारा, सोलायला नऊ. पहिली मिरची शेवटची भाजून होईपर्यंत डब्यात जास्त वेळ राहते, म्हणून तिचा रंग थोडा उतरला. पुढच्या रविवारी दोन बर्नरवर दोन-दोन एकदम भाजून पाहणार आहे. देठाभोवतीची रुपयाएवढी चकती अजूनही चारांपैकी दोघींत सोलली गेली नाही, ती मी कापून वरणात टाकली.