आधी माझंच बोट टोचलं

गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यात सिकलसेल तपासणीचं शिबिर होतं. सरपंचांनी माइकवर माझ्या डिग्र्या वाचून दाखवल्या. शाळेच्या व्हरांड्यात बसलेल्या बाया जागच्या हलल्या नाहीत. आशाताई माझ्या कानाशी लागली, "साहेब, मागच्या खेपेला रक्त नेलं अन् रिपोर्ट आलाच नाही. लोक म्हणतात, रक्त इकते हे."

मी माइक ठेवला आणि सतरंजीवर जाऊन बसलो.

"मी ब्रह्मपुरीकडचा. घरी धानाची शेती आहे. आता तुमच्या आरोग्य केंद्रात असतो, सोमवार ते शनिवार सकाळी भेटतो. आज फक्त बोटातून एक थेंब घेणार. त्याचं काय होतं, ते इथंच बघा."

लॅबवाल्यानं माझं बोट टोचलं आणि थेंब द्रावणाच्या नळीत टाकला. पाच मिनिटांनी नळीमागे वहीचा रेघांचा कागद धरला. लाल पाण्यातून रेघा स्वच्छ दिसत होत्या. मग तुलनेसाठी आणलेल्या सिकलसेलच्या रक्ताची नळी धरली. ती गढूळ, मागची एकही रेघ दिसेना. पोरं लगेच पुढं सरकली.

"गढूळ झाली म्हणजे सिकलचा अंश आहे, एवढंच कळतं. माणूस नुसता वाहक आहे की आजारी, हे ही नळी सांगत नाही. त्यासाठी दंडातून थोडं रक्त घेऊन जिल्ह्याला पाठवावं लागतं. तो रिपोर्ट सिस्टर बंद पाकिटात तुमच्या हातात देईल. इथं कोणाचं नाव पुकारणार नाही."

एका म्हातारीनं खरा प्रश्न काढला. "मंग माह्या नातीचं लगन?"

"आजी, वाहक पोरीला बहुतेक काहीच त्रास नसतो. नवराही वाहक निघाला, तर दर बाळंतपणात बाळ आजारी निघण्याची शक्यता चारात एक. म्हणून लग्नाआधी दोघांचं रक्त बघायचं. लग्न मोडायचं काही कारण नाही."

म्हातारी काही बोलली नाही. तेवढ्यात एका बाईनं तीन महिन्यांचं लेकरू पुढं केलं. मी नको म्हटलं. एवढ्या लहान बाळाच्या रक्तात पोटातलंच हिमोग्लोबिन जास्त असतं. दोष असला तरी नळी स्वच्छ दिसू शकते. सहा महिन्यांचं झाल्यावर आणा म्हणालो. नाही म्हणणारा डॉक्टर बायांना बहुधा नवा असावा, कारण कुजबुज सुरू झाली ती तेव्हाच.

"त्याच्या मायचं पाहून घ्या," म्हातारी म्हणाली. "सून हाय माही."

सुनेची नळी गढूळ झाली. मी तिला वर्गात नेऊन दार लोटून सांगितलं. ती बाहेर आली आणि नवऱ्याला बोलवायला पोरगं शेतात पिटाळलं. म्हातारीनं मात्र नातीला हाताला धरून रांगेत उभं केलं.