येळवसेच्या आदल्या दिवशीची गंजगोलाई

लातूरला उतरलो तेव्हा अंग नुसतं ठणकत होतं. रात्रभर एका बर्थवर दोघं. येळवसेला, म्हणजे रानात साजऱ्या होणाऱ्या वेळ अमावस्येच्या सणाला, गावी जायचं तर तिकीट दोन महिने आधी काढावं, हे मला दरवर्षी गाडीत बसल्यावर आठवतं.

यंदा जाणं भागच होतं. दोन वर्षांपूर्वी आम्ही चुलत, आते, मामे अशी चौदा भावंडं भेटींची अदलाबदल करायला लागलो. सगळ्यात बारकी सहा वर्षांची, सगळ्यात मोठा दादा अठ्ठावन्नचा. पहिल्या वर्षी किमतीला धरबंध नव्हता. कुणी स्पीकर आणला, दादाने टॉवेल-टोपी आणली, आणि जेवण होताच तो 'रानात काम आहे' म्हणून निघून गेला. दुसऱ्या वर्षी शंभराची मर्यादा घातली. तीही चुकली. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी पाचशेची वस्तू घेऊन किमतीची चिठ्ठी फाडून टाकली. आणि ज्या घरात तीन लेकरं, त्या घराला शंभराचे तीनशे पडले, वर एसटीचं भाडं वेगळं. माणशी रक्कम सारखी ठेवली की ओझं सारखं होतं, असा आमचा समज होता.

यंदा आत्याने मातीचा गल्ला आणला. ती खेळात नव्हती, म्हणून कारभार तिच्याकडे. गल्ला मागच्या खोलीत ठेवला आणि एकेकाने आत जाऊन यायचं. जमेल तेवढं टाकायचं, काहीच नाही टाकलं तरी चालेल, पण आत सगळ्यांनी जायचं, बारकीनेसुद्धा. नोटा चारपदरी घडी करून. नाणं टाकायचं नाही, कारण ते वाजतं आणि बाहेर कळतं. "कुणी किती टाकलं ते मला बी कळू देऊ नका," आत्या म्हणाली. गल्ला फुटला तेव्हा निघाले २,८७० रुपये. प्रत्येकाच्या हातावर दोनशे ठेवले, सत्तर उरले. मग भेट घ्यायची ती त्याच दोनशेत, तीही लातूरच्या बाजारात, गंजगोलाईतच, दीड तासात. घरून आणलेली वस्तू चालणार नाही. पदरचे पैसे घालून मोठं होण्याची वाटच बंद झाली.

चिठ्ठ्यांचाही घोळ असायचा. एकेक उचलत गेलं की शेवटच्याच्या हातात त्याचंच नाव यायचं, मग दोघांनी बदलून घेतलं की त्या दोघांचं गुपित फुटायचं. आत्याने चौदा चिठ्ठ्या जमिनीवर गोल मांडल्या, एका घरातली दोन नावं शेजारी येणार नाहीत अशा. प्रत्येकाने आपल्या पुढच्याला द्यायचं. गोलात स्वतःचं नाव स्वतःला येत नाही, आणि तू मला, मी तुला असंही होत नाही. आमच्यात सगळ्यात मोठं घर पाच जणांचं, म्हणून हे जमलं. एकाच घरचे निम्म्याहून जास्त असते तर कुठेतरी दोघं शेजारी आलेच असते. कोण कुणाचं, हे आत्याने एकेकाच्या कानात सांगितलं.

आणि गोलाई! सोळा रस्ते तिथे येऊन मिळतात, आणि येळवसेच्या आदल्या दिवशी सोळाच्या सोळा तुंबलेले. भज्जीसाठी ओला हरभरा, तुरीच्या शेंगा, पालेभाज्या घ्यायला सगळा जिल्हा उतरलेला. पाय ठेवायला जागा नाही. बारकीसोबत मी होतो. तिच्या वाट्याला दादा आला होता. मी तिला मफलर दाखवले, बॅटरी दाखवली. तिने मान हलवली. "दादाचा चष्मा सारखा हरवतो," म्हणाली. तिला चष्म्याची दोरी हवी होती. ती शोधायला आम्ही सात दुकानं पालथी घातली. मिळाली साठ रुपयांत. बाकीच्या एकशेचाळीसचं काय, तर काहीच नको म्हणाली.

दुसरा दिवस रानात गेला. कडब्याची कोप, पूजा, भज्जी, उंडे, आंबील. आंबील मी चार तांबे प्यायलो.

जेवणं झाल्यावर कोपीच्या सावलीत पुड्या सोडल्या. खुरपं, बांगड्या, स्टीलचा डबा, वह्या. कुणाचंच कुणापुढे कमी-जास्त दिसत नव्हतं. दादाने दोरी चष्म्याला अडकवली, गळ्यात घातली आणि चष्मा मुद्दाम सोडून दिला. तो छातीवर लोंबकळला. "कुणी दिलं, ते बी वळखलो," म्हणाला, "हरवल्यावर हुडकून देणारी एकच हाय." मग बराच वेळ तो धुऱ्याकडे बघत राहिला. यंदा तो दिवे लागेपर्यंत थांबला.

आत्याने उरलेल्या सत्तरातून नवा गल्ला घेतला होता. बारकीने फ्रॉकच्या खिशातून उरलेले पैसे काढले. नोटा टाकल्या, मग दुकानदाराने दिलेली नाणीही टाकली. खणखण वाजली. कुणी तिला अडवलं नाही.