फोटोवरची पांढरी रेघ : आमची वाटचाल

गिरगावातल्या आमच्या घरात ग्रीटिंग कार्डांचं काम सुरू झालं ते 2012 च्या दिवाळीआधी. माझ्या मोठ्या जाऊबाईंचा, म्हणजे वहिनींचा हात चित्रकलेचा, आणि मी तेव्हा एका फोटो लॅबमध्ये कॉम्प्युटरवर बसायचे. ओळखीच्या एका कुटुंबाला मुलीच्या वाढदिवसाला तिच्याच फोटोचं कार्ड हवं होतं. वहिनींनी लॅबमधून आलेल्या प्रिंटवर पांढऱ्या जेल पेननं मुलीभोवती एक वेडीवाकडी रेघ फिरवली, डोक्याच्या बाजूला चार चांदण्या काढल्या आणि कोपऱ्यात तिचं नाव लिहिलं. फोटो साधाच होता, पण रेघ पडल्याबरोबर ती मुलगी मागच्या गर्दीतून पुढे आली. आज आम्ही तिघी जणी हेच काम करतो आणि आमचं दुकान त्या रेघेवरच चालतं.

पहिली दोन वर्षं प्रत्येक कार्ड थेट प्रिंटवर काढायचो. चकचकीत कागदावर जेलची शाई मुरत नाही, बोट लागलं की पुसली जाते, म्हणून मॅट प्रिंट घ्यायला लागलो. तरी एका कार्डाला पाऊण तास जायचा, आणि कुणी पन्नास मागितली की नाही म्हणावं लागायचं. मग मी वहिनींना ट्रेसिंग पेपरवर वळवलं. आजही आम्ही तसंच करतो. फोटोची कार्डाच्या मापाची फिकट प्रिंट काढायची, तिच्यावर ट्रेसिंग पेपर चिकटवायचा, चार कोपऱ्यांत फुल्या मारायच्या आणि काळ्या पेननं काढायचं. रेघ शेवटी पांढरी होणार असली तरी काढायची काळी, कारण स्कॅनरला पांढऱ्यावरचं काळं स्वच्छ उचलता येतं. तो कागद 600 डीपीआयला स्कॅन करायचा, फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये Invert करायचं, म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं होतं, आणि फोटोवर ठेवून त्या लेयरचा मोड Screen करायचा. काळं सगळं नाहीसं होतं, पांढरी रेघ उरते. कोपऱ्यांतल्या फुल्या फोटोच्या कोपऱ्यांशी जुळल्या की रेघ जागेवर आली समजायचं, मग त्या पुसायच्या.

इथे एक चूक आम्ही बरेच महिने करत होतो. ट्रेसिंग पेपर डोळ्याला पांढरा दिसला तरी स्कॅनरला तो राखाडी दिसतो. तो उलटा केला की काळ्याऐवजी गडद राखाडी होतो, आणि Screen मध्ये ते राखाडी सगळ्या फोटोवर धुकं पसरवतं. प्रिंट आली की वाटायचं, मशीनवाल्यानं रंग फिका मारला. खूण अशी की आधी माणसाचे केस पाहायचे. केसांचा काळा रंग दुधाळ झाला असेल तर दोष कागदाच्या राखाडीचा. म्हणून Invert करण्याआधी Levels मध्ये कागद पूर्ण पांढरा होईपर्यंत उजवीकडचा त्रिकोण आत सरकवायचा. मात्र फार सरकवला तर रेघेच्या बारीक शेपट्या तुटतात, आणि हाताची सगळी गंमत त्या शेपट्यांतच असते.

रेघेविषयी वहिनींचा नियम मला पटायला वेळ लागला. मला वाटायचं, रेघ माणसाच्या कडेवर तंतोतंत बसली पाहिजे. त्या म्हणायच्या, "अगं, कडेवर बसवशील तर अर्धा मिलिमीटर हलली तरी चूक दिसेल. कडेपासून लांब फिरव, मग ती कुठेही गेली तरी आपलीच." पाच बाय सात इंचाच्या कार्डावर आम्ही दोनेक मिलिमीटर अंतर ठेवतो. रेघ दोनदा फिरते, पण दुसरी फेरी पहिलीच्या जागी सुरू करायची नाही. पहिली खांद्यावरून निघाली तर दुसरी कोपरावरून, म्हणजे दोन्ही मध्येच एकमेकींना छेदतात आणि रेघ जिवंत राहते. केसांच्या सुट्या बटांमागे धावायचं नाही, त्यांच्या बाहेरून जायचं. बोटं एकेक काढायची नाहीत, पंजाची एकच कड घ्यायची. पावलांपाशी रेघ उघडी सोडायची, नाहीतर माणूस जमिनीवरून उचलून हवेत ठेवल्यासारखा दिसतो. आणि चेहऱ्यावर काहीही नाही, चष्म्याचीसुद्धा रेघ नाही.

मध्ये एकदा आम्ही पेन टॅब्लेटही घेतला. त्यात रेघ आपोआप गुळगुळीत करण्याची सोय असते, आणि तिच्यामुळे वहिनींच्या हातातली थरथर निघून गेली. रेघ तारेसारखी दिसायला लागली. ती सोय बंद करता येते, आम्ही केलीही, पण काचेवर पेन घसरतो आणि कागदाची खरखर लागत नाही. आता टॅब्लेट फक्त डाग पुसायला वापरतो.

रेघेनं काय अर्थ होईल हे आम्हाला एका गिऱ्हाईकानं शिकवलं. एका आजोबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाचं कार्ड होतं. फोटो छातीपर्यंतचा. वहिनींनी चेहऱ्याभोवती लंबगोल रेघ घेतली आणि तिच्या दोन्ही बाजूंना छोटी फुलं सोडली. दिसायला सुंदर होतं. सूनबाई कार्ड घेऊन गेल्या आणि तासाभरात परत आल्या. दारातच म्हणाल्या, "ताई, फोटोला हार घातल्यासारखं दिसतंय हो." खरंच तसं दिसत होतं. मला अजूनही त्याचं वाईट वाटतं. तेव्हापासून वयस्कर माणसाच्या चेहऱ्याभोवती बंद गोल नाही, खांद्यांवर फुलं नाहीत. रेघ खांद्यावरून बाहेर निघते आणि चांदण्या एकाच बाजूला जातात.

चांदण्यांनी आमचं सगळ्यात मोठं नुकसान केलं. एका लग्नानंतरची आभाराची कार्डं होती, 200 नग. रात्रीचा फोटो, मागे काळोख, त्यावर "मनापासून आभार". अक्षरांभोवती बारीक चांदण्या विखुरल्या होत्या, जेमतेम दोन मिलिमीटरच्या. पडद्यावर पाचही टोकं दिसत होती. छापताना पांढरी शाई नसते. पांढरं म्हणजे शाई न लागलेला कागद. चार रंगांचे ठसे केसभर इकडेतिकडे सरकतात, शाईही थोडी पसरते, आणि बारीक पांढरं चारही बाजूंनी बुजत जातं. चांदण्यांची टोकं गेली, ठिपके उरले. त्यातला एक ठिपका नेमका "र"च्या डोक्यावर. मुलीचे आजोबा निवृत्त शिक्षक. त्यांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं आणि विचारलं, "हा अनुस्वार कुठून आला?" आम्ही पुन्हा छापून दिली, आमच्या खर्चानं. इंग्रजी अक्षरांवर चांदणी कुठेही पडली तरी चांदणीच राहते. आपल्या अक्षराच्या डोक्यावर पडली तर शब्द बदलते.

आता काळ्या भागावर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ नाही आणि चार मिलिमीटरपेक्षा लहान चांदणी नाही. तीन मापं ठेवतो, साधारण बारा, सात आणि चार. सगळ्यात मोठी रेघेच्या वळणापाशी, मग लांब जाता जाता लहान. चांदणी पेन न उचलता एका झटक्यात काढायची, पाच रेघांची. एकच चांदणी कॉपी करून दहा ठिकाणी लावली की रबरी शिक्का मारल्यासारखी दिसते, म्हणून प्रत्येक वेगळी. छापण्याआधी खऱ्या मापाची एक प्रिंट काढून हात लांब करून बघतो. चांदणी ठिपका दिसली तर ती बाद.

अक्षरांच्या जागेचा खरा कस लागला तो पंचाहत्तरीच्या एका कार्डात. चाळीच्या गॅलरीत कठड्याला रेलून उभी असलेली नऊवारीतली आजी, आडवा फोटो, नातवानं मोबाइलवर काढलेला. आधी तो व्हॉट्सॲपवर साधाच आला होता, चेंबून बारीक झालेला. डॉक्युमेंट म्हणून पुन्हा मागवला तेव्हा 2100 बाय 1500 पिक्सेलच्या वर भरला. 300 डीपीआयला कार्डासाठी तेवढा लागतोच. आजी डावीकडे, उजवीकडे कपडे वाळत घालायची रिकामी दोरी, मागे चुन्याची जुनी भिंत. वहिनींना दोरी दिसली आणि त्यांनी ठरवून टाकलं, अक्षरं दोरीवर वाळत घालायची. दोरी हीच शिरोरेषा.

आजीचं डोकं दोरीच्या खाली होतं, त्यामुळे ओळ कार्डाच्या रुंदीभर वरून जाऊ शकत होती. मजकूर होता "आजी, पंचाहत्तरीच्या शुभेच्छा". नऊ मिलिमीटर उंचीची अक्षरं घेतली, कारण त्याहून लहान केली की जाड पेनानं "च्छ"ची पोकळी बुजते. तीन शब्द आणि मधल्या जागा मिळून साधारण दीडशे मिलिमीटर झाले. कापणारा ब्लेड थोडा सरकतो म्हणून दोन्ही कडांना पाचपाच मिलिमीटर सोडले, तरी ओळ बसली. दोरीला मध्ये झोल होता, तोच अक्षरांना दिला. वेलांट्या आणि मात्रा दोरीच्या वर चिमट्यांसारख्या उभ्या राहिल्या. कागदावर बघून आम्ही दोघी खूश झालो.

फोटोवर ठेवलं आणि वाचताच येईना. शब्द संपला की शिरोरेषा तुटते, पण दोरी तुटत नव्हती, म्हणून तिन्ही शब्द एकमेकांना चिकटून एक लांबलचक शब्द झाला होता. त्याहून वाईट "भ"चं. "भ"च्या डाव्या बाजूला डोक्यावर रेष नसते, तिथली मोकळी जागाच त्याला "म"पासून वेगळं करते. दोरीनं ती जागा भरली आणि वाचणारा "शुमेच्छा" म्हणत होता. चुन्याची भिंत फिकी असल्यामुळे पांढरं अक्षर उठतही नव्हतं.

मी अक्षरांच्या लांबीएवढी दोरी भिंतीच्याच रंगानं पुसली, दोन्ही टोकं मात्र ठेवली, म्हणजे शिरोरेषा दोरीला बांधल्यासारखी वाटेल. भिंतीचा वरचा पट्टा हलकासा गडद केला, कडा विरत जाईल असा. शब्दांमधल्या जागा उघड्या पडल्या तेव्हा दोरी कापल्यासारखी दिसू लागली. वहिनींनी तिथे बारा मिलिमीटरची एकेक चांदणी टांगली. एवढी मोठी चांदणी अनुस्वार म्हणून कुणी वाचणार नाही, आणि दोरीला गाठ मारल्यासारखी ती बसली. आजीभोवतीची रेघ कठड्यापाशीच थांबवली, कठड्याच्या खाली नेली नाही.

नातवानं साठ कार्डं नेली. पुढच्याच महिन्यात त्याच चाळीतल्या शेजारीण त्याच गॅलरीतला आपल्या सासूबाईंचा फोटो घेऊन आल्या, म्हणाल्या, तशीच अक्षरं हवीत. त्यांच्या फोटोत दोरीवर खरंच कपडे वाळत होते. वहिनींनी फोटो दोनदा फिरवून पाहिला आणि अक्षरं खाली कठड्याच्या आडव्या फळीवर घेतली.