डिसेंबरचा मुलगा

ओमची जुनी फाईल सापडायला अर्धा तास लागला. (नाव अर्थातच बदललं आहे.) ती ‘बंद’ लिहिलेल्या खोक्यात होती. रिपोर्टच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत मी लिहिलं होतं : ‘सध्या एडीएचडीचं निदान करता येत नाही.’ एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं, अति चळवळ आणि उतावीळपणा यांचा विकार. रिसेप्शनवरच्या मुलीने तेवढं वाचलं आणि फाईल बंद केली. दुसऱ्या पानावर शेवटी आणखी एक ओळ होती, ‘सहा महिन्यांनी पुन्हा दाखवावे.’ ती तिने वाचली नाही, पालकांनीही वाचली नाही, आणि फोन करून आठवण द्यायची पद्धत आमच्या क्लिनिकमध्ये तेव्हा नव्हती. सहाऐवजी पंधरा महिने गेले.

ही गोष्ट नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. ओम पहिलीत होता. शाळेने डायरीत लाल शाईने लिहिलं होतं की मुलाला तज्ज्ञांना दाखवून सर्टिफिकेट आणा, नाहीतर वर्गात त्याच्याशेजारी बसणारी शॅडो टीचर ठेवा. ‘सर्टिफिकेट आणा’ हा शब्दप्रयोग मला फार झोंबतो. जातीचा दाखला आणतात तसा निदानाचा दाखला हवा असतो, आणि तो आला की वर्गात काय बदलणार, याचं उत्तर बहुतेक शाळांकडे नसतं.

आम्ही शिक्षकांना आणि पालकांना वेगवेगळी प्रश्नावली देतो. तिच्या गाभ्यात अठरा वाक्यं असतात. नऊ लक्ष न टिकण्याबद्दलची : काम अर्धवट सोडतो, वस्तू हरवतो, सांगितलेलं ऐकूच आलं नाही असं वाटतं. नऊ चळवळ आणि उतावीळपणाबद्दलची : जागेवर बसत नाही, प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देतो, स्वतःची पाळी येईपर्यंत थांबत नाही. प्रत्येकाला ० ते ३ गुण, आणि २ किंवा ३ असेल तरच ते लक्षण मोजायचं. कुठल्याही एका नऊमध्ये सहा भरली तर पुढे बघायचं. पण नुसती बेरीज पुरत नाही. हे सहा महिने तरी चाललेलं हवं, बारा वर्षांच्या आधी सुरू झालेलं हवं, घर आणि शाळा अशा दोन ठिकाणी दिसायला हवं, त्याने मुलाचं खरोखर अडायला हवं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते मुलाच्या वयाच्या मानाने जास्त हवं.

ओमच्या बाईंनी अठराच्या अठरा वाक्यांना ३ दिले होते. वरपासून खालपर्यंत एका रेषेत टिकमार्क. चोपन्न मुलांच्या वर्गातून वेळ काढून भरलेला फॉर्म. मी त्यांना दोष देत नाही, पण असा फॉर्म वाचताना मुलगा दिसत नाही, बाईंचा थकवा दिसतो. आईच्या फॉर्ममध्ये लक्षाची चार आणि चळवळीची पाच लक्षणं भरली. म्हणजे घरी रेषेच्या जरा अलीकडे. वडिलांनी फॉर्म भरला नाही. ते म्हणाले, “मॅडम, मी पण लहानपणी असाच होतो. आता बघा, व्यवस्थित चाललंय ना माझं?” बोलता बोलता कळलं की सहा वर्षांत त्यांनी पाच नोकऱ्या बदलल्या होत्या, आणि त्या दिवशी गाडीची चावी आमच्या टेबलावर विसरून ते खाली गेले.

मग मी जन्मतारीख बघितली. २४ डिसेंबर २०१७.

महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणारं मूल चालतं. म्हणजे ओम जूनमध्ये वर्गात बसला तेव्हा साडेपाचचाही नव्हता, आणि त्याच बाकावर जानेवारीत जन्मलेली, जवळपास वर्षाने मोठी मुलं होती. पाच-सहाच्या वयात एक वर्ष म्हणजे किती, हे कुठल्याही आजीला विचारा. कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये प्रवेशाची शेवटची तारीख हीच, ३१ डिसेंबर. तिथल्या नऊ लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये निष्कर्ष आले. डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलग्यांना एडीएचडीचं निदान मिळण्याची शक्यता त्याच वर्षी जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा ३० टक्क्यांनी जास्त होती, मुलींना ७० टक्क्यांनी. जन्ममहिन्याने मेंदूचा विकार होत नाही. म्हणजे त्यातल्या काही मुलांचा ‘विकार’ फक्त शेजारच्या मुलापेक्षा लहान असणं एवढाच होता. मुलांमधल्या निदानावर जो वाद चालतो, त्यातला मला सर्वांत पटणारा पुरावा हा आहे. रक्ताची तपासणी नाही, स्कॅन नाही. निदान उभं राहतं ते मोठ्या माणसांनी केलेल्या तुलनेवर. तुलना चुकीच्या मुलाशी झाली की निदान चुकतं.

त्या दिवशी मी ओमबरोबर एक खेळ घेतला. आमच्या कामातला माझा सर्वांत आवडता. “मी ‘डोक्याला हात लाव’ म्हटलं की तू पायाच्या बोटांना लावायचा, आणि ‘बोटांना’ म्हटलं की डोक्याला.” दहा वेळा. बरोबर केलं तर दोन गुण, चुकीकडे निघून स्वतःच सावरलं तर एक, चुकलं तर शून्य. ओमने तीनदा बरोबर केलं, पाचदा सावरलं, दोनदा चुकला. वीसपैकी अकरा.

पण गुणांपेक्षा बघण्यासारखं वेगळंच होतं. मी “डोकं” म्हणायचे, त्याचा हात डोक्याकडे सुटायचा, आणि हात वाटेत असतानाच तो ओरडायचा, “नाही नाही, पाय!” नियम त्याला पाठ होता. मी विचारलं तर घडाघडा सांगायचा. हात मात्र नियमाच्या आधी निघालेला असायचा. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी १९९७ मध्ये मांडलं ते हेच : या मुलांना काय करायचं ते माहीत नसतं असं नाही, माहीत असलेलं योग्य क्षणी वापरण्याआधी जो क्षणभराचा ब्रेक लागावा लागतो तो लागत नाही. ब्रेक लागला तरच मागच्या कामांना वेळ मिळतो. सूचना डोक्यात धरून ठेवणं, भावना आवरणं, पुढची पायरी ठरवणं, ही ती कामं. या सगळ्याला मिळून एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात. ऑफिसातल्या मॅनेजरसारखं, टायपिस्ट हुशार आहेत, पण कुठलं पत्र आधी हे सांगणारा जागेवर नाही.

म्हणूनच “दोन तास मोबाईल बघताना हलत नाही, मग कसलं लक्ष कमी?” हा प्रश्न, जो आठवड्यातून चारदा मला विचारला जातो, तो चुकीच्या जागी बोट ठेवतो. मोबाईल दर काही सेकंदांनी बक्षीस देतो. तिथे मॅनेजरची गरजच पडत नाही. पाढे लिहिताना बक्षीस उद्या मिळतं, आणि उद्यापर्यंत लक्ष ओढून नेणं हे मॅनेजरचं काम.

हे मॉडेल मला आवडतं आणि म्हणूनच त्याची मर्यादाही सांगते. निदान झालेल्या मुलांपैकीही निम्म्याहून जास्त मुलं अशा कुठल्याही एका चाचणीत ठीकठाक गुण मिळवतात. बंद खोली, एक मूल, समोर एक शाबासकी देणारी बाई. अशा जागी कुणाचाही ब्रेक बरा चालतो. उलट पावणेसहा-सहाची कितीतरी धडधाकट मुलं माझ्या खेळात चुकतात. अकरा गुणांवरून मला ना हो म्हणता येत होतं, ना नाही.

मी नाही म्हटलं. कान, डोळे, झोप, बुद्ध्यांक सगळं तपासून झालं होतं. बाईंना सांगितलं, पहिल्या बाकावर बसवा, एका वेळी एकच सूचना द्या. आईवडिलांना चार सत्रं पालक-प्रशिक्षणाची सुचवली. ते दोनला आले. वडिलांनी रिपोर्टच्या पहिल्या पानाची झेरॉक्स काढून शाळेत दिली. क्लीन चिट म्हणून. पहिलं पान, दुसरं नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आई एकटी ओमला घेऊन आली. आता सात वर्षं दोन महिने. दुसरीच्या बाई नव्या होत्या आणि त्यांचा फॉर्म मी जपून ठेवलाय. लक्षाची सात, चळवळीची सात, काही वाक्यांना चक्क शून्य, आणि समासात पेन्सिलने बारीक अक्षरं : ‘डबा खाताना सर्वांत शेवटी उठतो, कारण मधेच गोष्ट सांगत बसतो.’ ‘वही उघडी असते, तारीख लिहिलेली असते, पुढे काही नाही.’ ‘मुद्दाम करत नाही.’ या बाई शेवटचं वाक्य लिहून थांबल्या होत्या, आणि मला तेवढं पुरेसं होतं. आईच्या फॉर्ममध्येही या वेळी सहा आणि सात भरली. वर्गातल्या सर्वांत लहान मुलाला वर्षभराची सवलत देऊनही आता ते वयात बसत नव्हतं.

मग पहिलीच्या बाई बरोबर होत्या का? त्यांचा तो एका रेषेतला फॉर्म? मला अजून म्हणवत नाही. त्यांनी बघितलं नव्हतं, वैतागल्या होत्या. पण वैतागलेला माणूसही कधी कधी खरं बोलतो. माझं डिसेंबरचं गणित बरोबर होतं, फक्त ते हजारो मुलांचं गणित होतं आणि माझ्यासमोर एक बसला होता. त्यात २००७ चा अमेरिकेतला एक अभ्यास मला सतावतो. एडीएचडी असलेल्या मुलांच्या मेंदूची बाहेरची साल सर्वांत जाड होण्याचा टप्पा इतरांच्या साडेसातऐवजी सरासरी साडेदहाच्या सुमारास येतो, असं त्यात आढळलं. एकट्या मुलाच्या स्कॅनमध्ये हे दिसत नाही. पण मग ‘तो वयाने लहान आहे’ आणि ‘त्याला एडीएचडी आहे’ ही दोन वाक्यं मी समजत होते तितकी एकमेकांच्या विरुद्ध आहेत का? वडिलांची विसरलेली चावीसुद्धा मी समासात लिहून ठेवली होती. हा विकार किती मोठ्या प्रमाणात घराण्यातून येतो हे मला पाठ आहे. मीही नियम पाठ असून हात भलतीकडे नेला.

आईने विचारलंच. “तेव्हाच सांगितलं असतं तर ही दोन वर्षं वाचली असती का?” मी म्हटलं, तेव्हाही पहिला उपाय तोच सांगितला असता, सहा वर्षांच्या आत गोळ्या नाहीत, आधी पालक-प्रशिक्षण. आणि हेही म्हटलं, की सहा महिन्यांनी मी फोन करायला हवा होता. ती काही बोलली नाही. आता ओम बालमनोविकारतज्ज्ञांकडे जाईल. गोळी सुरू झाली तर ती छोट्या डोसपासून, वजन, भूक आणि रक्तदाब बघत. वडील अजून तयार नाहीत.

जायच्या आधी मी तो खेळ पुन्हा घेतला. या वयात तो मुलं बहुतेक बिनचूक करतात. ओमने चारदा बरोबर केलं, पाचदा सावरलं, एकदा चुकला. तेरा. मग तो म्हणाला, “ताई, थांबा, परत घ्या,” आणि खुर्चीवर बसून दोन्ही हात मांड्यांखाली दाबले.

“असं कोणी शिकवलं?”

“कोणी नाही. वर्गात बसतो ना असा. मग हात आधी जात नाहीत.”

मी “डोकं” म्हटलं. तो तसाच हातांवर बसून राहिला, ओठ हलवले, मग उजवा हात सोडवून हळूच खाली बुटाला लावला. त्या फेरीत दहापैकी आठ. ही फेरी फॉर्ममध्ये कुठे लिहायची, त्याला रकाना नाही. मी दुसऱ्या पानावर लिहिली. मग विचार करून पहिल्या.